हात वर राहू द्या



अध्यक्षानं आढावा घ्यायचा असतो असं मला सांगण्यात आलं. आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलेलाच आहे, तो मी पुन्हा वाचणार नाही. कोल्हापुरात बोलायचं तर खेळाबद्दलच बोलावं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसाला फुटबॉल शिकवायला जाऊ नये, हे मला कळतं. पण त्याच पायऱ्यांवरून एक आरोळी हमखास येते, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. फाउल झाला की आरोळी येते, ‘कार्ड दे!’ पेनल्टी क्षेत्रात फाउल झाला आणि खिशातून लाल कार्ड निघालं, की पुढची आरोळी ठरलेली: ‘मग पेनल्टी का नाही?’

या आरोळीमागे एक समजूत आहे. गुन्हा जितका मोठा, तितकी फ्री-किक मोठी. इनडायरेक्ट ही हलकी शिक्षा, डायरेक्ट त्याहून जड, आणि कार्ड हे त्याच शिडीचं वरचं पाऊल. प्रेक्षकांचं सोडा, आपल्यातले काही नवे पंचही मनातल्या मनात अशीच शिडी चढतात. नियमावलीत अशी शिडी नाही. शिट्टी वाजवल्यावर पंचाला दोन वेगवेगळे प्रश्न सोडवायचे असतात. काय केलं, यावरून फ्री-किक ठरते. कसं केलं आणि त्यानं काय हिरावलं गेलं, यावरून कार्ड ठरतं. एका उत्तरावरून दुसरं काढता येत नाही.

उदाहरण घ्या. बचावपटू स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी पाय घालतो, जरा उशीर होतो, प्रतिस्पर्धी अडखळून पडतो. कृती निष्काळजी आहे, त्यापलीकडे काही नाही. कार्ड नाही, पण पेनल्टी आहे, कारण पाय घालून पाडणं हा डायरेक्ट फ्री-किकचा गुन्हा. आता त्याच जागी तोच बचावपटू, चेंडू खेळात असताना, प्रतिस्पर्ध्याला आईबहिणीवरून शिवी देतो. थेट लाल कार्ड. आणि खेळ सुरू होतो इनडायरेक्ट फ्री-किकनं, कारण शब्दांचा गुन्हा कितीही गलिच्छ असला तरी तो इनडायरेक्टच्या खात्यात जातो. एकीकडे कार्डाशिवाय पेनल्टी, दुसरीकडे लाल कार्ड असूनही पेनल्टी नाही. हे जोडउदाहरण ज्याला पटलं, त्याला बारावा नियम निम्मा समजला.

डायरेक्टच्या खात्यात ढोबळमानानं शरीराला भिडणारे गुन्हे आहेत: लाथ, धक्का, पाडणं, मारणं, धरून ठेवणं, थुंकणं, चावणं. लाथ मारण्याचा किंवा ठोसा लगावण्याचा नुसता प्रयत्नही त्यातच येतो. हँडबॉल अर्थात तिथेच. यातल्या धक्का, टॅकल, लाथ अशा झटापटीच्या गुन्ह्यांना तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणा असेल तर फक्त फ्री-किक. प्रतिस्पर्ध्याला काय होईल याची पर्वाच न करता केलेली कृती बेदरकार, तिला पिवळं. आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरून दुसऱ्याचा पाय मोडण्याची वेळ आणली, तर लाल. तिन्ही वेळा फ्री-किक मात्र तीच राहते. जोर वाढला म्हणून ती अधिक डायरेक्ट होत नाही.

इनडायरेक्टच्या खात्यात स्पर्शाविना अडवणं, गोलरक्षकाला हातातला चेंडू सोडू न देणं, पंचांशी हुज्जत, ऑफसाइड, आणि गोलरक्षकाचे हाताचे काही गुन्हे येतात. धोकादायक खेळही यातच, आणि त्याच्याजवळ थोडं थांबू या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वाद तिथे होतात.

चेंडू छातीच्या उंचीवर येतोय. आक्रमक डोकं खाली घालून हेडर मारायला झेपावतो, बचावपटू त्याच क्षणी बूट उचलतो. बुटाचे स्टड चेहऱ्यासमोरून जातात, आक्रमक घाबरून मान मागे घेतो. स्पर्श नाही. हा धोकादायक खेळ, म्हणून इनडायरेक्ट. तोच बूट गालाला लागला, तर तो धोकादायक खेळ उरतच नाही. ती लाथ झाली, म्हणजे डायरेक्ट, आणि पेनल्टी क्षेत्रात असेल तर पेनल्टी. मधलं अंतर बोटभर, निकालातलं अंतर जवळजवळ एका गोलाचं. म्हणून अशा वेळी पंचाची नजर चेंडूवर नसावी, बूट आणि चेहरा यांच्यामधल्या जागेवर असावी. उलटाही प्रकार होतो. चेंडू गुडघ्याच्या खाली असताना एखादा वीर डोकं घालतो, आणि रीतसर पाय मारणारा दचकून थांबतो. तिथे धोका डोकं घालणाऱ्यानंच निर्माण केला, स्वतःलाच का असेना; फ्री-किक त्याच्याविरुद्ध जाते. प्रेक्षकांना हे अन्यायाचं वाटतं. वाटू द्या.

आता एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. 17 फेब्रुवारी 2010, चॅम्पियन्स लीगचा बाद फेरीचा सामना, पोर्तो विरुद्ध आर्सेनल, पोर्तोच्या मैदानावर. बरोबरी 1-1. उत्तरार्ध नुकताच सुरू झालेला. आर्सेनलच्या सोल कॅम्पबेलच्या पायाला लागून चेंडू मागे आला आणि गोलरक्षक फाबियान्स्कीनं तो हातात उचलला. स्वीडिश पंच मार्टिन हान्सन यांनी शिट्टी मारली: सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घेतला, म्हणून इनडायरेक्ट. 1992 पासूनचा हा नियम. कॅम्पबेलनं चेंडू मुद्दाम दिला की तो पायाला नुसता लागला, यावर तेव्हा वाद झाला, आणि तो वाद रास्त होता. नियमात ‘मुद्दाम’ला फार महत्त्व आहे. पण मला त्यानंतरचे काही क्षण महत्त्वाचे वाटतात. आर्सेनलचे खेळाडू अजून काय झालं याचा विचार करत असताना पोर्तोच्या रुबेन मिकाएलनं चेंडू टेकवून बाजूला फाल्काओकडे सरकवला, आणि फाल्काओनं तो मोकळ्या गोलमध्ये ढकलला. 2-1.

आर्सेनलचे प्रशिक्षक वेंगर संतापले. पण यात नियमभंग कुठे होता? फ्री-किक झटपट घ्यायला शिट्टीची वाट बघावी लागत नाही. भिंत उभी करायला वेळ मागण्याचा हक्क बचाव करणाऱ्या संघाला नाहीच, 9.15 मीटर मागे सरकणं हे त्यांचं कर्तव्य. घेणाऱ्यानं स्वतः अंतर मागितलं किंवा पंचानं ‘थांब’ म्हटलं, तरच शिट्टीनंतर खेळ सुरू होतो. चेंडू मिकाएलकडून फाल्काओला लागला आणि मग गोलमध्ये गेला, म्हणजे दुसरा स्पर्शही झाला. शिवाय फाबियान्स्कीला कार्ड नव्हतं, तेही बरोबर. स्वतःच्या क्षेत्रात परवानगी नसताना हात लावल्याबद्दल गोलरक्षकाला कार्ड नाही, मग समोर मोकळा गोल असला तरी. याला एक अपवाद आहे: गोल-किक किंवा फ्री-किकसारखी खेळाची सुरुवात करून, दुसऱ्या कुणाचा स्पर्श होण्याआधी त्यानंच चेंडू पुन्हा खेळून गोलची संधी मोडली, तर कार्ड येतं. (परतीच्या सामन्यात आर्सेनलनं घरच्या मैदानावर 5-0 नं हिशेब चुकता केला, हे त्यांच्या चाहत्यांसाठी सांगून टाकतो. सभागृहात ते आहेत, मला दिसताहेत.)

आता आपल्या कामाकडे येतो. पेनल्टी क्षेत्रातली इनडायरेक्ट फ्री-किक हा पंचाच्या कसोटीचा प्रसंग. गुन्हा गोलसमोरच्या छोट्या चौकटीत घडला असेल, तर चेंडू त्या चौकटीच्या गोलरेषेला समांतर रेषेवर, गोलपासून 5.5 मीटरवर ठेवायचा. 9.15 मीटर मागे जायला जागाच नसते, म्हणून बचाव करणाऱ्यांना दोन खांबांमध्ये गोलरेषेवर उभं राहता येतं. 7.32 मीटरच्या गोलमध्ये अकराही जण खांद्याला खांदा लावून उभे, आणि चेंडू हलताच धावून येणार. अशा वेळी पहिला खेळाडू बुटाच्या टोकानं चेंडूला नुसता स्पर्श करतो आणि दुसरा जोरात मारतो. चेंडू गोलमध्ये. गोल द्यायचा का? पहिल्या स्पर्शानं चेंडू स्पष्ट हलला असेल तर द्यायचा. हलला नसेल, तर फ्री-किक प्रत्यक्षात दुसऱ्यानंच घेतली आणि ती थेट गोलमध्ये गेली, म्हणजे गोल-किक. हे बघायला तुम्ही चेंडूच्या रेषेत, बाजूला उभे असायला हवं. मागे उभं राहून चेंडू हलला की नाही, हे कुणालाही सांगता येत नाही.

आणि तुमचा हात. इनडायरेक्टचा इशारा म्हणजे डोक्यावर सरळ उंचावलेला हात. किक झाली की तो खाली घ्यायचा नसतो. चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत, बाहेर जाईपर्यंत, किंवा थेट गोल होणं शक्य नाही हे स्पष्ट होईपर्यंत तो वरच राहायला हवा. गोलरक्षक त्या हातावर विसंबून निर्णय घेतो: थेट येणारा चेंडू सोडून द्यायचा की अडवायचा. तुम्ही हात वर केलाच नाही आणि चेंडू थेट गोलमध्ये गेला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. म्हणजे पंचाच्या विसराळूपणापायी एका संघाला दुसरी संधी. जिल्हा पातळीच्या सामन्यांत हात अर्ध्यात उतरलेला मी अनेकदा पाहतो. कार्ड काढताना मात्र हात किती ऐटीत वर जातो!

कार्डांविषयी थोडंच. 1966 च्या विश्वचषकात वेम्बलीवर अर्जेंटिनाच्या रात्तीनला बाहेर काढताना पंच आणि खेळाडू यांची भाषाच जुळेना, आणि त्या गोंधळातून इंग्लंडच्या केन ॲस्टन यांना रंगीत कार्डांची कल्पना सुचली. 1970 मध्ये मेक्सिकोत ती पहिल्यांदा वापरली गेली. म्हणजे कार्ड हे निर्णय कळवण्याचं साधन. ते दाखवणं सोपं, नोंद महत्त्वाची. 2006 च्या विश्वचषकात क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी मिळाली, कारण दुसऱ्यानंतर त्याला बाहेर काढायचं राहून गेलं. विश्वचषकातला पंच चुकतो, तर आपण नोंद करून मगच कार्ड दाखवावं. ज्यांना उलटा क्रम आवडतो त्यांच्याशी मी चहाच्या वेळी भांडेन.

शेवटी एक सूचना. उद्या सकाळच्या सत्रात छोट्या चौकटीतल्या इनडायरेक्ट फ्री-किकचं प्रात्यक्षिक मैदानावर ठेवलं आहे. स्थानिक तालीम मंडळाची मुलं दोन्ही बाजूंनी उभी राहणार आहेत आणि प्रत्येकाला एकदा तरी शिट्टी हातात घ्यायची आहे. बूट घालून या, आणि चेंडू दुसऱ्याला लागेपर्यंत हात खाली घेऊ नका.