जूनचा आकडा आला का?

आमच्या झाशीत रेल्वेची कामं घेणारे ठेकेदार पुष्कळ. त्यांची भाववाढीची बिलं करताना रिफ्रेश कधी करायचा, एवढंच आज बोलू.

रेल्वेच्या करारातलं 46ए कलम भाववाढ तिमाहीवर मोजतं. तीन महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी काढायची आणि ती मूळ महिन्याशी ताडायची. मजुरीसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक निर्देशांक लागतो. तो पुढच्या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी येतो. इतर साहित्यासाठी घाऊक निर्देशांक. तो पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला येतो, सुट्टी असेल तर नंतरच्या कामाच्या दिवशी. पण हा आकडा तात्पुरता असतो. अंतिम आकडा आणखी दोन महिन्यांनी येतो, कारण सुरुवातीला सगळ्या कारखान्यांचे भाव पोचलेले नसतात.

आता एप्रिल ते जून ही तिमाही घ्या. जूनचा घाऊक आकडा 14 जुलैला येतो, मजुरीचा 31 जुलैच्या सुमाराला. म्हणजे पूर्ण हिशोब त्याआधी होतच नाही. आणि जूनचा घाऊक आकडा पक्का होतो 14 सप्टेंबरला.

घोटाळा कुठे होतो? समजा साहित्याचा वाटा 20 लाख, मूळ निर्देशांक 150, एप्रिल 153, मे 156 आणि जून रिकामा. तुम्ही 10 जुलैलाच रिफ्रेश केलात. `AVERAGE` रिकामा रकाना मुकाट्याने सोडून देतं. सरासरी 154.5, भाववाढ 60,000 रुपये. कुठेही लाल खूण नाही! जूनचा तात्पुरता 159 आला की तीच रक्कम 80,000 होते. अंतिम 160.5 निघाला तर 86,667. म्हणून रकान्यात असं लिहा:

```
=IF(COUNT(B2:B4)=3, AVERAGE(B2:B4), "")
```

तारखेवर विसंबू नका, आकडा आलाय का ते बघा. मे 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे एप्रिलचे घाऊक आकडे काही गटांपुरतेच निघाले होते. 14 तारीख आली, पण एकूण निर्देशांक आला नाही.

दुसरं, तात्पुरता आकडा पुसून त्यावर अंतिम लिहू नका. शेजारी नवा रकाना करा, प्रसिद्धीची तारीख टाका. 46ए कलमात तात्पुरत्या निर्देशांकावर पैसे देऊन अंतिम आल्यावर फरक समायोजित करायची सोय आहे. पण तो फरक मागायचा तर आधी कुठल्या आकड्यावर बिल केलं होतं, ते दाखवता आलं पाहिजे. फरक उलटाही निघतो, तेव्हा पैसे परत जातात.

आणि मूळ महिना तपासा, तो बहुतेक जण विसरतात. निविदा भरताना तोही तात्पुरताच असतो. तेव्हाचा 150 तसाच राहिला आणि अंतिम 151 निघाला, तर वरच्या 86,667 चे जवळपास 72,850 होतात, आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक तिमाहीत शिरते.