कॉफी यंत्राची टाकी

सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून साठवलेलं पाणीच ड्रिप कॉफी यंत्रात पडतं. टाकीत उरलेल्या पाण्यात उन्हाळ्यात जंतू झपाट्याने वाढतात. आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, तर थर धरलाय. काळे ठिपके म्हणजे बुरशी.

आधी साबण आणि ब्रशने टाकी घासा, कारण नंतर वापरायचं आम्ल क्षार विरघळवतं, बुरशीचा थर खरवडत नाही. मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व किंवा निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर भरा. अर्धं चालवून अर्धा तास थांबा, मग उरलेलं चालवा. साध्या पाण्याने तीनदा चालवा. ब्लीच मात्र मिसळू नका, विषारी वायू निघतो. रोज टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा.