भाग ४१ : फुकट किती, आणि सुटका कशी?

मागच्या भागात पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या सेन्सरबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की बोर्डला टाकी रिकामी आहे हे कळलं, पण ते माणसांना कळवायचं कसं? फुकटात कुठली सेवा घ्यायची? आज तेवढंच बोलू.

आधी आमची परिस्थिती सांगतो. मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची जुनी सोसायटी आहे, चाळीस घरांची. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र फार लांब नाही, पण पालिकेचं पाणी आम्हालाही ठरल्या वेळीच येतं. ते खालच्या टाकीत पडतं, मग वॉचमन पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवतो. गच्चीवर एक ईएसपी-३२ बोर्ड आणि दोन फ्लोट स्विच आहेत, एक वर, एक खाली. वायफाय सातव्या मजल्यावरच्या सेक्रेटरी काकांचं. बोर्ड पंपाला हात लावत नाही, फक्त निरोप देतो.

सेवा शोधण्याआधी मी एक हिशोब केला, आणि तो तुम्हीही करा. दिवसाला निरोप किती? पाणी आलं, गेलं, पंप दोनदा चालू-बंद, टाकी खाली गेली तर एखाद-दुसरा, आणि सकाळी सातला ‘मी जिवंत आहे’ असा एक. म्हणजे नऊच्या आसपास. पण सेवा काय मोजते? एसएमएसमध्ये प्रत्येक माणसाला गेलेला निरोप वेगळा मोजतात. नऊ गुणिले चाळीस, म्हणजे दिवसाला ३६०. उलट जिथे तुम्ही एका पत्त्यावर निरोप टाकता आणि लोक तो पत्ता ऐकत बसतात, तिथे ते नऊच राहतात. मर्यादेचा आकडा वाचण्याआधी तो कशाचा आहे हे बघा.

एसएमएस आम्ही इथेच सोडला. पैसे हे एक कारण झालंच, पण ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे डीएलटीवर संस्थेची नोंदणी, हेडर आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. टाकीसाठी एवढं कोण करणार? ‘मग व्हॉट्सअ‍ॅप का नाही?’ हा काकांचा पहिला प्रश्न. अधिकृत मार्गाने साचे मंजूर करा, आणि जुलै २०२५ पासून साच्याच्या निरोपांना दर निरोपामागे आकारणी आहे. अनधिकृत मार्ग आहेत, पण ते नियमांबाहेरचे, त्यात नंबर बंद होऊ शकतो. आणि तो नंबर काकांचा होता!

राहिले दोन. एक `ntfy.sh`, ज्याला नोटिफाय म्हणतात, आणि दुसरा टेलिग्रामचा बॉट. पाठवणं दोन्हीकडे एका ओळीचं आहे :

```
curl -d "गच्चीची टाकी खाली" https://ntfy.sh/TOPIC

curl -d chat_id=CHAT_ID \
  --data-urlencode "text=गच्चीची टाकी खाली" \
  https://api.telegram.org/botTOKEN/sendMessage
```

आम्ही नोटिफाय घेतलं. खातं उघडावं लागत नाही, लोकांनी अ‍ॅप टाकून टॉपिकचं नाव लिहिलं की झालं. एक लक्षात ठेवा, फुकटात ते नाव हाच पासवर्ड. `pani` असं नाव ठेवलंत तर कोणीही ऐकेल आणि कोणीही खोटा निरोप टाकेल, म्हणून लांब, विचित्र नाव ठेवा. मी हे बोलतोय तेव्हा फुकट मर्यादा दिवसाला २५० निरोपांची आहे. आम्हाला लागतात नऊ. मी निवांत झोपलो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सहाला टाकी भरत आली. वॉचमन चहाला गेलेला, पंप चालूच. पाण्याच्या लाटांवर वरचा फ्लोट डुचमळायला लागला : भरली, नाही भरली, भरली, नाही भरली. माझ्या कोडमध्ये प्रत्येक बदलाला एक निरोप. सेवा सुरुवातीला साठेक विनंत्या लगेच घेते, मग साधारण पाच सेकंदांना एक. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत अडीचशे संपले. चूक सर्वस्वी माझी.

त्या दिवशी संध्याकाळी पंपाच्या स्टार्टरचा ओव्हरलोड रिले ट्रिप झाला. वॉचमनला वाटलं पंप चालू आहे. आठ वाजता टाकी तळाला गेली, बोर्डने निरोप पाठवला, आणि उत्तर आलं 429, म्हणजे ‘तुमचा कोटा संपला’. ते उत्तर वाचणारं कोणी नव्हतं, मी ते तपासतच नव्हतो. साडेआठला सातव्या मजल्यावर नळ कोरडे. एका घरी बाळाची आंघोळ अर्धी राहिलेली. काका गच्चीवर टॉर्च घेऊन.

हा रोजचा कोटा जागतिक वेळेच्या मध्यरात्री भरतो, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. म्हणजे सकाळी सहाला उधळला की जवळजवळ पुढचा अख्खा दिवस मुका. शिवाय खातं नसेल तर मोजणी आयपी पत्त्यावर होते. उपनगरातल्या केबलवाल्याच्या इंटरनेटवर एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असू शकतो, म्हणजे कोटाही वाटला जातो.

दुरुस्ती सोपी होती. फ्लोट सलग तीस सेकंद एकाच स्थितीत राहिला तरच बदल मानायचा, एकच निरोप दहा मिनिटांत पुन्हा नाही, आणि 429 आलं तर दुसऱ्या मार्गाने पाठवायचं. पण तोवर अर्ध्या लोकांनी टॉपिक म्यूट केला होता. ही मर्यादा कुठल्याच तक्त्यात नसते.

दुसरा मार्ग म्हणून टेलिग्राम जोडला, आणि तेव्हा बदलण्याची खरी किंमत कळली. कोड बदलायला दहा मिनिटं लागली. एकतीस जणांचे फोन बदलायला तीन रविवार! चौथ्या मजल्यावरच्या आजींना मी स्वतः जाऊन ग्रुपमध्ये घेतलं, लाडू खाऊन आलो. सेवा बंद पडली तरी हेच करावं लागतं : जपान-तैवानमध्ये खूप वापरलेली लाइन नोटिफाय ही फुकट सेवा ३१ मार्च २०२५ ला बंद झाली, आणि तिच्यावर टाकी, दार, सर्व्हर जोडलेल्यांना नवी सोय शोधावी लागली.

स्वतःचा सर्व्हर चालवला तर? नोटिफाय मुक्तस्रोत आहे, तेव्हा जमतं, आणि पत्ता आपल्या डोमेनचा असेल तर उद्या मशीन बदललं तरी लोकांना काही करावं लागत नाही. पण आयफोनवर निरोप लगेच पोचायला तुमच्या सर्व्हरला `upstream-base-url` मध्ये `ntfy.sh` द्यावं लागतं, म्हणजे सुटका अर्धीच. आमच्याकडे आयफोन नऊ. सोडून दिलं.

टेलिग्रामचीही गोम आहे. एका ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला वीस निरोप, आम्हाला पुरेसे. पण साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा `chat_id` बदलतो आणि जुन्यावर पाठवलेलं चूक म्हणून परत येतं. नवा क्रमांक त्या उत्तरातच `migrate_to_chat_id` मध्ये असतो. म्हणून हा क्रमांक कोडमध्ये कोरू नका, सेटिंगमध्ये ठेवा. ग्रुपचा मालक काकांना केलं, मी भाड्याने राहतो, उद्या बोरिवलीला गेलो तर ग्रुप माझ्यासोबत नको.

आता असं आहे : सगळ्यांसाठी टेलिग्राम ग्रुप. काका, वॉचमन आणि मी, अशा तिघांसाठी नोटिफाय, आणि त्यावर फक्त ‘टाकी खाली’, सर्वोच्च प्राधान्याने, फोन जोरात थरथरेल असा. लिफ्टशेजारी क्यूआर चिकटवलाय, तो थेट ग्रुपचा नाही, सोसायटीच्या एका पानाचा आहे. पुढे सेवा बदलली तर पान बदलेन, कागद नाही.

आणि सकाळी सातचा ‘मी जिवंत आहे’ निरोप? तो आता दोन्हीकडे जातो. परवा सव्वासातपर्यंत आला नाही म्हणून काकांनीच फोन केला. बघतो तर त्यांनी राउटरचा प्लग काढून मिक्सर लावला होता.