चिठ्ठी डॉक्टरांची, हिशेब कंपनीचा

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज सभागृहात अकोला आणि अमरावतीचे बरेच डॉक्टर बसले आहेत. औषध दुकानदार आहेत, काही एमआरही आलेले दिसतात. त्यामुळे मी सरळ मुद्द्याला हात घालतो. औषध कंपन्यांनी दिलेल्या भेटींचा विषय निघाला की आमच्यातले बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: "भेट घेतली म्हणून मी औषध बदलत नाही." हे वाक्य बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो, असं मी धरून चालतो. माझं म्हणणं एवढंच की या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या जागेवर तो बसलेलाच नाही.

उत्तर कुठे असतं, ते एमआरला विचारा. डॉक्टरांना भेटून तो घरी जात नाही, शेजारच्या मेडिकलवर जातो. काउंटरशी थांबतो आणि अमुक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपल्या ब्रँडच्या किती स्ट्रिप गेल्या, समोरच्या कंपनीच्या किती गेल्या, हे विचारून टिपून घेतो. या कामाला त्यांच्या धंद्यात 'आरसीपीए' म्हणतात, म्हणजे दुकानावरून केलेली चिठ्ठ्यांची तपासणी. अमरावतीचं राजापेठ असो की अकोल्याची रामदासपेठ, हे रोज चालतं. कोणत्या डॉक्टरवर किती खर्च करायचा आणि तो वसूल झाला की नाही, हे या टिपणांवरून ठरतं. एमआरला मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं आणि त्याच्यावर नोकरी टिकते. पण विचार करा: भेटीचा परिणाम डॉक्टर स्वतःच्या मनाला विचारतो, कंपनी तो दुकानात मोजते. परिणाम होत नसता, तर मोजणाऱ्यांनी हा खर्च कधीच बंद केला असता.

मोजल्यावर काय दिसतं, याचा एक जुना पण अजूनही बोलका अभ्यास आहे. अमेरिकेतल्या ऑर्लोव्स्की आणि वाटेस्का या दोघांनी तो 1992 मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दोन औषधांवरच्या परिसंवादांसाठी कंपनीच्या खर्चाने सहलीच्या ठिकाणी नेलं होतं. निघण्यापूर्वी संशोधकांनी त्यांना विचारलं, याचा तुमच्या लिहिण्यावर परिणाम होईल का? बहुतेकांनी नाही म्हणून सांगितलं. मग संशोधकांनी डॉक्टरांना विचारणं सोडलं आणि रुग्णालयाच्या औषधभांडाराच्या नोंदी काढल्या. सहलीआधीचे 22 महिने आणि नंतरचे 17 महिने त्यांनी ताडून पाहिले. एका औषधाचा सरासरी वापर 81 वरून 272 वर गेला होता, दुसऱ्याचा 34 वरून 87 वर. हे डॉक्टर लबाड नव्हते. परिसंवादाला गेलो, नवं काही ऐकलं, पटलं म्हणून लिहू लागलो, असंच त्यांना वाटलं असणार. विकलं गेल्याची जाणीव होत नाही, पटल्याची होते, आणि म्हणून माणूस स्वतःला पकडू शकत नाही.

भेट मोठी असावी लागते असंही नाही. 2016 मध्ये अमेरिकेतच पावणेतीन लाखांहून अधिक डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कंपनीने दिलेलं एखादं जेवण, तेही बहुधा वीस डॉलरच्या आतलं, घेतलेले डॉक्टर त्या कंपनीचा महागडा ब्रँड अधिक लिहिताना आढळले. जेवणामुळेच लिहिलं, असं हा अभ्यास सिद्ध करत नाही. आधीपासून लिहिणाऱ्यालाच कंपनी जेवायला बोलावत असेल, ही शक्यता उरते. पण जेवणांची संख्या वाढत गेली तसं लिहिणंही वाढलेलं होतं, हे लक्षात ठेवावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घेऊ नये, असा नियम मेडिकल कौन्सिलने डिसेंबर 2009 मध्ये केला. त्यानंतर चेन्नईच्या अपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने झिंकोविट या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या प्रचारासाठी डॉक्टरांवर केलेला सुमारे 4 कोटी 72 लाखांचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा मागितला. कंपनीचा युक्तिवाद सरळ होता: नियम डॉक्टरांना आहे, आम्हाला नाही. 22 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने तो फेटाळला. ज्याला घेण्याची मनाई आहे त्याला देणं हेही कायद्याने निषिद्धच, आणि त्या खर्चावर करसवलत मिळणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सोन्याची नाणी, फ्रिज, टीव्ही, परदेशवाऱ्या यांचा उल्लेख त्या निकालात आहे. हा सगळा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतून रुग्णाकडूनच वसूल होतो, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

जीवनसत्त्वांच्या गोळीने कोणाचं काय बिघडतं, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दर्यापूर, मूर्तिजापूरकडून आलेला एखादा शेतमजूर डोळ्यासमोर आणा. चिठ्ठीवर चार औषधं आहेत: रक्तदाबाची स्वस्त गोळी, पित्ताची एक, वेदनेची एक आणि कंपनीच्या भेटवस्तूपायी लिहिलेली महागडी ताकदीची. खिशातले पैसे पुरत नाहीत. तो काउंटरवर विचारतो, "भाऊ, याच्यातली कोनती सोडली त चालते?" रक्तदाबाने त्याला काहीच दुखत नाही, अशक्तपणा मात्र रोज जाणवतो. तो ताकदीची गोळी ठेवतो आणि रक्तदाबाची सोडतो, किंवा पंधरा दिवसांऐवजी पाच दिवसांचीच नेतो. पुढे कधी अर्धांगाचा झटका येऊन तो इर्विनला किंवा सर्वोपचारला दाखल झाला, तर केसपेपरवर त्या भेटवस्तूची नोंद कुठेच नसते. अनावश्यक औषधाचा तोटा फक्त त्याच्या किमतीएवढा नसतो. ते आवश्यक औषधाची जागा घेतं.

व्यावसायिक सचोटीचा प्रश्न मला इथे दिसतो. चिठ्ठी हा असा व्यवहार आहे, की निवडणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा आणि भोगणाराही तोच पैसे देणारा. कापूस विकताना आमचा शेतकरी चार व्यापाऱ्यांकडे भाव विचारतो. चिठ्ठीचं तसं नाही. तो ती वाचूही शकत नाही. इतका विश्वास ज्याच्यावर टाकलेला आहे त्याने "मी निर्लेप आहे" हे स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र पुरेसं मानू नये. न्यायाधीश आपल्या नातेवाइकाचा खटला चालवत नाहीत. त्यांच्या प्रामाणिकपणावर संशय असतो म्हणून नव्हे, तो तपासायची वेळच येऊ नये म्हणून.

नियमांची आजची स्थिती सांगतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची नवी संहिता काढली. भेटवस्तू आणि डॉक्टरांच्या सहली तिने मना केल्या, पण हजार रुपयांपर्यंतच्या स्मरणवस्तूंना आणि मोजक्या नमुन्यांना मुभा ठेवली. तक्रार आली तर ती आधी कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीपुढे जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲबव्ही या कंपनीने तीस डॉक्टरांच्या मोनॅको-पॅरिस प्रवासावर सुमारे 1 कोटी 91 लाख खर्चल्याचं सरकारी समितीने नोंदवलं, आणि कंपनीला मिळाली ती ताकीद. दुसरीकडे, डॉक्टरांसाठीची नवी नियमावली ऑगस्ट 2023 मध्ये आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. म्हणजे डॉक्टरांपुरता आजही तो जुनाच नियम.

म्हणून इथल्या डॉक्टर मित्रांना माझी एक विनंती आहे, तिला कोणत्याही कायद्याची गरज नाही. कंपनी जे तुमच्याबद्दल मोजते, ते तुम्ही स्वतः मोजा. शेजारच्या मेडिकलवाल्याकडून आपल्या चिठ्ठ्यांची मागच्या सहा महिन्यांची यादी ब्रँडनुसार मागून घ्या. तेच घटक असलेलं स्वस्त औषध त्याच फळीवर असताना महाग ब्रँड कुठे लिहिला, ते पाहा. तो ब्रँड यादीत पहिल्यांदा कोणत्या महिन्यात आला, ते पाहा. मग त्या महिन्यात कोणाचा परिसंवाद होता, कोणाचं जेवण होतं, हे आपल्या डायरीतून काढून शेजारी लिहा. यादी एकट्याने वाचू नका. ज्याने त्या कंपनीकडून काही घेतलेलं नाही, अशा एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या.