तीन निवेदक, एक कादंबरी

भिवंडीत अध्यक्ष म्हणून बोलायचे ठरले तेव्हा कादंबरीच्या एकाच अडचणीवर बोलावे, असे मी ठरवले. एका कादंबरीत तीन माणसे आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात. त्यांचे आवाज वेगळे कसे राहावेत आणि तिघांच्या गोष्टी एका जागी कशा याव्यात, हा तो प्रश्न. या गावात मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारी माणसे एकाच कारखान्यात पाळी करतात. त्यामुळे हा प्रश्न इथल्या लेखकाला इतरांपेक्षा लवकर भिडतो.

मराठीतले याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे वि. स. खांडेकरांची 'ययाति'. ती १९५९ साली आली आणि १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले. तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. कच इतका महत्त्वाचा, पण त्याला निवेदन दिलेले नाही. खांडेकरांनी यात एक गोष्ट फार जाणतेपणाने केली आहे. कोणाला काय ठाऊक आहे याची वाटणी त्यांनी नेमकी केली. राजवाड्यात दासी होऊन आलेली शर्मिष्ठा आणि ययाति यांचे नाते वाचकाला आधी कळते, देवयानीला नंतर. मधल्या पानांवर देवयानी जे जे बोलते, त्याला तिच्या नकळत दुसरा अर्थ येत राहतो. हा ताण एका निवेदकाच्या कादंबरीत इतक्या सहज उभा राहिला नसता.

पण आवाजाचे काय? कुठलेही पान उघडा, वर नाव कोणाचे आहे ते झाका आणि दहा ओळी वाचा. राग, मत्सर, आसक्ती यांवरून माणूस ओळखू येईल, वाक्याच्या चालीवरून मात्र नाही. तिघेही उपमा देतात, तिघेही अनुभवावरून जीवनाबद्दल विधान करतात. ती खांडेकरांची शैली आहे, आणि ती तिघांच्याही तोंडी आली आहे. मला ही कादंबरी प्रिय आहे, म्हणूनच हे स्पष्ट बोलतो. ज्ञानाची वाटणी आणि आवाजाची वाटणी ही दोन वेगळी कामे आहेत. एक साधले म्हणून दुसरे आपोआप साधत नाही.

आता एक कल्पित कादंबरी इथेच मांडून पाहू. शहरातला एक यंत्रमाग कारखाना. मालकाने माग भंगारात काढून जागा गोदामासाठी द्यायचे ठरवले आहे. अशी गोष्ट तुमच्या गल्लीत घडलेली असेल. तीन निवेदक घेऊ. पहिला आझमगढहून आलेला, रात्रपाळीत माग चालवणारा कारागीर. दुसरा कारखान्याचा मेहता, हिशेबाची वही सांभाळणारा. तिसरी बिसी चालवणारी बाई, जिच्याकडे हे कारागीर महिन्याच्या बोलीवर जेवतात.

बहुतेक लेखक पहिली चूक इथेच करतात. ते बोलीवर आवाज उभारतात. कारागिराला मोडके मराठी देतात, बाईला ठसकेबाज, मेहत्याला प्रमाण. तीन प्रकरणांत वाचक कंटाळतो. त्याहून वाईट म्हणजे, शुद्ध बोलणारा शहाणा आणि अशुद्ध बोलणारा भाबडा, अशी उतरंड लेखकाच्या नकळत तयार होते. आझमगढचा माणूस स्वतःशी विचार करतो तेव्हा त्याची भाषा मोडकी नसते. म्हणून त्याच्या स्वतःच्या प्रकरणात त्याला पूर्ण, वळणदार मराठी द्यावे. मेहत्याच्या प्रकरणात तोच माणूस दोन तुटक वाक्ये बोलून गप्प बसेल, कारण मेहत्याला तो तसाच ऐकू येतो. या दोन आवाजांतले अंतर वाचकाला दिसले की मेहता त्याला किती कमी ओळखतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग आवाज ठरतो कशावरून? माझ्या मते, माणसाचे लक्ष कुठे जाते आणि तो कोणाशी बोलतो आहे, या दोन गोष्टींवरून. कारागीर कानाने जगतो. चालत्या मागांच्या आवाजात कुठे धागा तुटला, कुठल्या धोट्यातली कांडी संपत आली, हे त्याला न बघता कळते. त्याच्या प्रकरणात दृश्ये कमी, आवाज जास्त. त्याचे बोलणे गावाकडच्या धाकट्या भावाला उद्देशून आहे, म्हणून तो काही गोष्टी लपवणार. मेहता सगळे रकमेत आणि तारखेत पाहतो. तो पुष्कळ वर्षांनी, स्वतःचा बचाव करण्यासाठी लिहितो आहे. म्हणून त्याची वाक्ये लांब, अटी घातलेली. बाई ताटे मोजते. आज कोण आले नाही, कोणी दोन पोळ्या कमी घेतल्या, यावरून ती कारखान्याचे हाल ओळखते. ती कोणाला उद्देशून बोलत नाही. तिचे बोलणे कामाच्या ओघातले, मध्येच सुटणारे.

कच्चा खर्डा झाला की याची परीक्षा करावी. एका निवेदकाचा परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या प्रकरणात ठेवा आणि फक्त सर्वनामे बदला. तो तिथे बसला, तर तो परिच्छेद तुमचा आहे, पात्राचा नाही.

आता गोष्टी एकत्र आणण्याविषयी. कारागिराने तीन हजारांची उचल घेतली आहे. मेहत्याच्या वहीत ती रक्कम वळती करायची बाकी आहे. त्याच उचलीतून बाईची दोन महिन्यांची उधारी फेडायची आहे. रक्कम एकच, पण ती तिघांच्याही प्रकरणांतून फिरते, आणि वाचक तिच्या मागे जातो. एका दुपारी मेहता सगळ्यांना सांगतो, "शनिवारी सगळ्यांनी थांबा." हे वाक्य तिन्ही प्रकरणांत अक्षरशः तेच ठेवावे. कारागिराला वाटते, अडकलेला पगार मिळणार. बाई शनिवारी जास्त माणसांचा स्वयंपाक करायचे ठरवते. मेहत्याला एकट्याला माहीत आहे की त्या रात्री भंगाराचा ट्रक येणार आहे. प्रसंग तीनदा सांगायचा नाही. तेवढे एक वाक्य तीनदा ऐकवायचे, आणि प्रत्येक वेळी गोष्ट पुढे सरकलेली असली पाहिजे.

यासाठी लिहिण्याआधी एक तक्ता करावा. एका रकान्यात काय घडले ते तारखेनिशी, पुढच्या तीन रकान्यांत कोणाला ते केव्हा कळले, आणि शेवटच्या रकान्यात वाचकाला केव्हा कळते. शेवटचा रकाना तिघांपैकी एखाद्याच्या रकान्याशी सबंध कादंबरीभर जुळत राहिला, तर उरलेले दोन निवेदक फुकट आहेत. प्रकरणांची लांबीही याच तक्त्यावरून ठरते. सुरुवातीला प्रत्येकाला पंधरा-वीस पाने हवीत, कारण वाचकाचा कान तयार व्हायचा असतो. शनिवार जवळ आला की तीन पाने, दोन पाने, कधी अर्धे पानही पुरते. कान आधीच तयार झालेला असल्याने प्रकरणावर नाव लिहायचीही गरज पडत नाही.

राहिला प्रश्न शनिवारची रात्र कोणी सांगायची याचा. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये नऊ भागांपैकी चार कर्णाचे आहेत, पण शेवटचा कृष्णाचा, कारण कर्ण मरतो आणि मेलेल्याचे निवेदन पुढे नेता येत नाही. तिथे सर्वांत जास्त जाणणाऱ्याला शेवट दिला आहे, आणि महाकाव्याच्या आवाक्याला ते शोभते. आपल्या कारखान्याच्या गोष्टीत मी उलट करीन. सर्वांत जास्त ठाऊक असलेला मेहता त्या रात्री बोलणार नाही, कारण तो बोलला की सगळेच समजावून सांगेल. कारागीरही नाही. त्याचा धक्का मोठा आहे, पण तो भावाला कळू नये म्हणून तो ती रात्र गाळूनच टाकील. मी ती रात्र बिसीवाल्या बाईला देईन. तिने चाळीस माणसांचे रांधले आहे, नऊच जण जेवायला आले आहेत, आणि उरलेले कुठे आहेत ते तिला अजून कळायचे आहे.