हात जोडले, पण कशासाठी?

जोडलेल्या हातांचं इमोजी जपानी मोबाइलवरून आलं आणि २०१० साली युनिकोडमध्ये दाखल झालं. जपानमध्ये त्याचा अर्थ ‘कृपया’ किंवा ‘आभारी आहे’. आपल्या घरच्या ग्रुपवर मात्र आजोबांचा तो सकाळचा नमस्कार असतो, गुलाबाच्या स्टिकरसकट. निधनाच्या बातमीखाली तेच हात श्रद्धांजली होतात. नात मैत्रिणीला तेच पाठवते, तेव्हा बहुधा ‘नोट्स दे ना, प्लीज’ असतं, नाहीतर सरळ कोपरापासून नमस्कार: बाई, पुरे कर!

हलणाऱ्या हाताचं तसंच. आजी त्यातून ‘कशी आहेस गं?’ विचारते. पण वादाच्या मध्येच तो एकटा आला, तर तरुण मुलं ‘चल, निघ आता’ असंच वाचतात. खूण एकच: त्याच्या आधीचा मेसेज.