माल आला, बिल नाही आलं: 31 मार्चची एक एन्ट्री

आजचा एपिसोड छोटा आहे आणि माझ्याच एका चुकीबद्दल आहे. मी कोड लिहिणारा माणूस, अकाउंट्स मला कामावर लागल्यावर कळायला लागलं. त्यामुळे सीए मंडळींनी सांभाळून घ्या.

एका पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या सिस्टीमवर मी काम करत होतो. 29 मार्च 2023 ला गेटवर 2,000 बेअरिंग आली. दर 85 रुपये, म्हणजे 1,70,000 चा माल. स्टोअरने मोजून घेतला, जीआरएन केला, माल रॅकवर गेला. बिल मात्र अकाउंट्सला पोचलं नाही. आता जीएसटीच्या नियमाप्रमाणे माल निघतानाच बिल बनायला हवं, त्यामुळे बऱ्याचदा बिल असतंच! ते चलनाला टाचलेलं स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. पण अकाउंट्सच्या दृष्टीने ते आलेलं नाही, आणि त्यांनी मार्चची बिलं घेणं 31 ला बंद केलं.

वर्षअखेरच्या मोजणीत ही बेअरिंग शिल्लक मालात धरली गेली. खरेदी मात्र वहीत नाही. म्हणजे फुकट आलेला माल! नफा बरोबर 1,70,000 ने फुगला. म्हणून 31 मार्चला प्रोव्हिजन करतात: खरेदी खातं डेबिट 1,70,000, आणि 'माल मिळाला, बिल येणे' हे खातं क्रेडिट 1,70,000. यात 18 टक्के जीएसटी, म्हणजे 30,600, धरायचा नाही. तो क्रेडिट घ्यायला बिल हातात लागतं.

मग 1 एप्रिलला हीच एन्ट्री उलटी. 'बिल येणे' डेबिट, खरेदी क्रेडिट. मला आधी हे वेडेपणाचं वाटलं, काल केलं ते आज कशाला पुसायचं? पण 3 एप्रिलला बिल आलं की अकाउंट्सवाला ते नेहमीसारखंच टाकतो: खरेदी 1,70,000, जीएसटी 30,600, पुरवठादार क्रेडिट 2,00,600. या मालाचं मार्चमध्ये काय केलं होतं हे त्याला आठवावं लागत नाही. एप्रिलच्या खरेदीत उणे 1,70,000 आणि अधिक 1,70,000, हिशेब शून्य. बिल 87 च्या दराने आलं असतं तर फक्त 4,000 चा फरक एप्रिलमध्ये दिसला असता. (वर्षाचे हिशेब अजून उघडे असतील तर प्रोव्हिजनचाच आकडा दुरुस्त करणं बरं.)

आता माझी चूक. प्रोव्हिजनची यादी काढायची स्क्रिप्ट माझी होती. जीआरएन मार्चचा आहे आणि बिल नोंदलेलं नाही, एवढीच अट मी लावली होती. स्क्रिप्ट चालवली 5 एप्रिलला. तोपर्यंत बेअरिंगचं बिल 3 तारखेला नोंदलं गेलं होतं, म्हणजे स्क्रिप्टच्या मते काम झालेलं! ती ओळ यादीतून गळली. 31 मार्चला काय परिस्थिती होती हे विचारायच्या ऐवजी मी आज काय आहे हे विचारत होतो. दुरुस्त केलेली क्वेरी अशी:

```sql
SELECT * FROM grn
WHERE grn_date <= '2023-03-31'
  AND (bill_posting_date IS NULL
       OR bill_posting_date > '2023-03-31');
```

बघा, इथे बिलावर छापलेली तारीख नाही घेतलेली. वहीत कुठल्या तारखेला नोंद पडली ती घेतलीय. बेअरिंगच्या बिलावर 29 मार्चच छापलं होतं, ती तारीख घेतली असती तर ओळ परत गळली असती.

हे पकडलं ऑडिटवाल्यांनी, आणि पद्धत अगदी साधी. त्यांनी माझी यादी उघडलीच नाही. गेटचं रजिस्टर मागितलं, मार्चमधल्या शेवटच्या नोंदी घेतल्या आणि एकेक करून विचारलं, याची खरेदी मार्चमध्ये दाखवा. यादीत जे नाहीच ते यादी तपासून कसं सापडणार? मला तेव्हा जरा लाजल्यासारखं झालं. हिशेब उघडे होते, म्हणून प्रोव्हिजन वाढवता आली.

अजून एक गंमत पुढच्या महिन्यात झाली. दुसऱ्या एका पुरवठादाराशी दराचा वाद होता, त्याचं बिल एप्रिलभर आलंच नाही. 1 तारखेला रिव्हर्सल आपोआप झालं होतं, त्यामुळे एप्रिलची खरेदी त्या रकमेने उणे पडली आणि देणं वहीतून गायब. माल तर आपण कधीच वापरून टाकला होता! अशा वेळी 30 एप्रिलला तीच प्रोव्हिजन परत करायची, 1 मेला परत उलटवायची, बिल येईपर्यंत. म्हणून माझ्या क्वेरीत जीआरएनच्या तारखेला खालची मर्यादा नाहीये. सहा महिने जुना जीआरएनसुद्धा यादीत यायला हवा. आणि तो आला, की अकाउंट्सच्या मॅडम आता थेट परचेसवाल्यांना फोन लावतात.